हुजाम्बो: घरादाराची विचारपूस करणारं स्वाहिली अभिवादन आणि त्याचं मराठी

हुजाम्बो हे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतलं रोजचं अभिवादन. टांझानिया, झांझिबार, केनियाचा किनारा या भागात माणूस भेटला की हे आधी, कामाचं नंतर. ट्रॅव्हल गाइडमध्ये याचं मराठी ‘नमस्कार’ किंवा ‘हॅलो’ असं देतात आणि तिथेच गडबड होते, कारण नमस्काराला नमस्कार केला की विषय संपतो पण हुजाम्बो हा प्रश्न आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरानंतर बहुतेक वेळा पोरंबाळं, नवरा, आईवडील, घर अशी सगळी चौकशी व्हायचीच असते.

आधी शब्दाची बांधणी बघू, ती सोपी आहे. जाम्बो म्हणजे गोष्ट, बाब, प्रकरण. त्याच्या आधी लागणारं ‘हु’ हे ‘तुला नाही’ असं सांगतं, म्हणजे अक्षरशः ‘तुझं काही प्रकरण नाही ना?’ उत्तर सिजाम्बो, ‘माझं काही नाही’. मग नुसतं पुढचं अक्षर बदलत जायचं: हाजाम्बो म्हणजे तो किंवा ती बरी आहे, हावाजाम्बो म्हणजे ते सगळे बरे आहेत, बरेच जण समोर असतील तर त्यांना हाम्जाम्बो आणि त्यांचं उत्तर हातुजाम्बो. हे एवढं आलं की अख्ख्या कुटुंबाची विचारपूस एकाच शब्दावर होते. ‘वातोतो हावाजाम्बो?’ पोरं बरी आहेत ना? ‘हावाजाम्बो.’ बरी आहेत. प्रश्न आणि उत्तर यात फरक फक्त सुराचा.

शब्दशः भाषांतर मराठीत केलं तर ‘काही भानगड नाही ना’ असं काहीतरी होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा माझ्यावर संशय घेतोय की काय. अर्थ बरोबर, माया गेली. दुसऱ्या टोकाला ‘आपले क्षेमकुशल कळवावे’, ते पत्रात शोभतं, दारात उभं राहून कोणी बोलत नाही. मला विचाराल तर सगळ्यात चपखल बसतं ते आपलं साधं ‘बरंय ना?’ आणि त्याला ‘बरंय’. याचं एक पक्कं कारण आहे. हाजाम्बो हे आजारी माणसाबद्दलही वापरतात, ‘हाजाम्बो किदोगो’ म्हणजे आता थोडं बरं आहे, आणि मराठीत ‘बरं’ हा शब्द नेमकी हीच दोन्ही कामं करतो, खुशालीचंही आणि दुखण्यातून उठल्याचंही. ‘ठीक’ किंवा ‘मजेत’ला ते जमत नाही.

दुसरा मोठा शब्द हबारी. हा अरबीतून आलेला, आपल्या ‘खबर’चा सख्खा भाऊ, त्यामुळे ‘हबारी झा न्युम्बानी?’चं भाषांतर ‘घरची खबर काय?’ असं करायचा मोह होतो. पण मराठीत खबर म्हटलं की काहीतरी घडलेलं असतं. इथे विचारायचं असतं ‘घरी सगळं कसंय?’, आणि उत्तर न्झुरी (छान) किंवा सालामा (खुशाल). घाईत हबारी गळून पडतं, नुसतं ‘झा न्युम्बानी?’ उरतं, तेव्हा मराठीतही ‘घरी काय म्हणतात?’ एवढंच ठेवावं. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला ‘हबारी झा सिकू न्यिंगी?’, शब्दशः बऱ्याच दिवसांची खबर, आपण म्हणू ‘काय, किती दिवसांनी! कसं काय?’

खरी फसगत होते ती नात्यांच्या शब्दांत, कारण ते ओळखीचे वाटतात. बाबा म्हणजे वडीलच, तिथे प्रश्न नाही. पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे बहीण! ‘मामा हाजाम्बो?’ कोणी विचारलं तर तो तुमच्या आईची चौकशी करतोय, मामाची नाही. मराठी माणसाने इथे कान टवकारून ऐकावं, नाहीतर बहिणीबद्दल विचारलं आणि आपण थोरल्या भावाचं सांगत बसलो असं होणारच.

आता एक प्रसंग घेऊ, शेजारीण दारात आलीय. ती आत न शिरता ‘होदी!’ म्हणते, आतून ‘कारिबू!’ येतं. मग ‘हुजाम्बो, मामा जुमा?’ तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, हे आपल्याला नवीन नाही.

‘येऊ का?’
‘या ना, या.’
‘काय जुमाची आई, बरंय ना?’
‘बरंय हो.’
‘घरी सगळं कसंय?’
‘छान आहे.’
‘पोरं बरी?’
‘बरी आहेत, जुमाला जरा ताप आहे तेवढा.’
‘अरेरे, होईल हं बरा.’

शेवटून दुसरी ओळ मुद्दाम बघा. मूळ स्वाहिलीत ‘हावाजाम्बो, इला जुमा आना होमा किदोगो’ असं येतं, म्हणजे पोरगं तापाने झोपलेलं असलं तरी आधी ‘बरी आहेत’ म्हणायचं आणि मग ‘पण’ लावून खरं सांगायचं. भाषांतरात हा क्रम मोडू नये, ‘नाही हो, जुमा आजारी आहे’ असं सुरुवातीलाच टाकलं तर बोलणं एकदम तुटक होतं. आणि ‘अरेरे’च्या जागी मूळ शब्द ‘पोले’ आहे, दुसऱ्याच्या त्रासाबद्दल वाटणारी कळकळ. तो माफी मागायचा शब्द नाही, त्यामुळे इथे ‘सॉरी’ लिहिलं तर जणू ताप हिच्यामुळेच आला.

मानाचा प्रश्न वेगळाच. स्वाहिलीत एका माणसाला हुजाम्बो म्हणताना तू-तुम्ही असा भेद नाही, मराठीत मात्र ठरवावंच लागतं. टांझानियात मोठ्या माणसाला लहानाने आधी ‘शिकामो’ म्हणायचं असतं, ते ‘पाय धरतो’ यावरून आलं असं सांगतात, मोठं माणूस ‘मारहाबा’ म्हणतं आणि मग तेच विचारतं ‘हुजाम्बो?’ म्हणजे इथे हुजाम्बो वरून खाली येतंय, म्हणून मराठीत ‘पाया पडतो आजी’, ‘असू दे असू दे, बरा आहेस ना रे?’ असं बिनधास्त तू वापरावं. बरोबरीच्या शेजाऱ्यांत ओळख किती त्यावर ठरवा. हाम्जाम्बोला नुसतं ‘तुम्ही बरे ना’ पुरत नाही, ते एकट्याला मान देऊन विचारल्यासारखं वाटतं, ‘सगळे बरे ना?’ असं करावं.

नुसतं ‘जाम्बो!’ हे मात्र पर्यटकांसाठीचं, त्याला ‘जाम्बो’ म्हटलं की झालं, घरादाराची चौकशी त्यात येत नाही आणि त्याचं मराठी ‘हॅलो’ केलं तरी चालेल. तरुण पोरांचं ‘माम्बो?’ आणि त्याला ‘पोआ’ हेही असंच, ‘काय चाललंय?’ ‘मस्त’. हे आजीला म्हणू नये.

निघताना ‘वासालिमिए’ म्हणतात, त्यांना माझा सलाम सांग, आणि ऐकणारा लगेच ‘झिमेफिका’ म्हणतो, म्हणजे सलाम पोचलेसुद्धा, घरी जाऊन सांगायच्या आधीच. मराठीत जाणारा ‘घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांगा हं’ म्हणतो आणि समोरचा ‘हो, सांगते’. काळ बदलतो, पण ‘पोचले’ असं लिहिलं तर मराठी वाचक अडखळेल, तेव्हा ‘सांगते’च बरं.