लेजरच्या नावात शिरलेला विभाग: ईआरपीआधीच्या खातेरचनेची पार्श्वभूमी

भोसरीतल्या एका शीटमेटल कारखान्यात ईआरपीचं, म्हणजे हिशेब, खरेदी आणि उत्पादन एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम सुरू होण्याआधी आम्ही टॅलीतली लेजर यादी, म्हणजे खात्यांची यादी, छापून घेतली. गिऱ्हाईक आणि सप्लायर वगळून 1,380 लेजर निघाली. त्यात फक्त दुरुस्तीची 46 होती. `R&M Press Shop`, `R&M Press-CHK`, `Press Shop Repairs (Old)` आणि `Repair Maint Paint` अशी नावं एकाखाली एक होती. शेवटच्या पानावर एक `R&M Others` होतं आणि वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा त्यातच जमला होता. प्रेस शॉपच्या दुरुस्तीवर वर्षात किती गेले, एवढंच मालकांना हवं होतं. त्यासाठी अकाउंटंटला सात लेजर उघडून बेरीज करावी लागली, आणि `Others` मधले किती रुपये प्रेस शॉपचे, हे त्यालाही सांगता आलं नाही.

ही अवस्था निष्काळजीपणाने येत नाही. प्रत्येक लेजर कोणीतरी विचार करूनच उघडलेलं असतं. ईआरपीच्या टीमने ही यादी जशीच्या तशी नव्या सिस्टिममध्ये ओतू नये असं वाटत असेल, तर ती कशी वाढली हे आधी पाहावं लागतं.

रोजकीर्द आणि खतावणीच्या काळात खातं म्हणजे वहीतलं एक पान असायचं. नवं पान उघडायला जागा लागे, म्हणून खाती आपोआप मोजकी राहत. कारखान्यांत पुढे दोन स्वतंत्र वह्या चालू झाल्या. अकाउंट्स विभाग खर्च कशावर झाला ते लिही, आणि कॉस्टिंगवाले तोच खर्च कोणत्या शॉपमध्ये झाला ते आपल्या पत्रकात लिहीत. वर्षअखेरीस दोन्हींचा मेळ घालायचा, हा पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांतला ठरलेला कार्यक्रम होता. मेळ बसवायला दिवसच्या दिवस जात. पण 'कशावर' आणि 'कुठे' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्या पद्धतीत कोणी विसरत नव्हतं.

छोट्या आणि मध्यम कारखान्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा कॉस्टिंगची वही बंद पडली आणि अकाउंट्सची टॅलीत गेली. टॅलीत कॉस्ट सेंटरची, म्हणजे खर्च कुठे झाला ते नोंदवण्याची, सोय होती, पण ती सेटिंगमधून चालू करावी लागे आणि मग व्हाउचरमागे आणखी एक खिडकी भरावी लागे. दिवसाला शंभर बिलं चढवणाऱ्या माणसाला ती खिडकी नको असे. लेजर मात्र चुटकीसरशी उघडतं, त्याला कोड नंबर लागत नाही, नाव दिलं की झालं. मग साहेबांनी शॉपनिहाय खर्च मागितला, की शॉपचं नाव लेजरच्याच नावात घालायचं. ही पळवाट इतकी सोयीची होती की तिचीच पद्धत झाली.

करांनी त्यात भर घातली. 1 एप्रिल 2005 पासून महाराष्ट्रात व्हॅट आला आणि खरेदीची लेजर दरांप्रमाणे फुटली: चार टक्के, साडेबारा टक्के, शिवाय सी फॉर्मवरची परराज्यातली वेगळी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा जुनी तशीच ठेवून नवी उघडली गेली, कारण व्यवहार झालेलं लेजर पुसता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दर पुन्हा बदलले, वाहनांच्या सुट्या भागांवरचा 28 चा दर 18 वर आला, आणि ज्यांच्याकडे `Purchase 28% Local` असं लेजर होतं त्यांना परत तोच उद्योग करावा लागला. ज्यांनी दर हा आयटम आणि टॅक्स कोडवर ठेवला होता त्यांना खातेयादीला हातही लावावा लागला नाही.

कायद्याला एवढी लेजर लागतात, असं पुष्कळ जण धरून चालतात. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाचा नमुना आहे. खातेयादी कशी असावी हे त्यात नाही. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांना बंधनकारक अशी एकच खातेयादी कधीच नव्हती. नमुन्यात इमारत दुरुस्ती आणि यंत्र दुरुस्ती वेगळी दाखवा, वीज-इंधन वेगळं दाखवा, असं आहे. प्रेस शॉप आणि पेंट शॉप वेगळं दाखवा असं कुठेही नाही. म्हणजे हा नमुना 'कशावर' एवढंच विचारतो. त्या 46 लेजरची शेवटी पाच खाती झाली: इमारत, यंत्रं, डाय आणि टूल, वाहनं, कॉम्प्युटर. डाय वेगळी ठेवली, कारण बऱ्याच डाय गिऱ्हाइकाच्या मालकीच्या असतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा यावर दर वर्षी चर्चा होते.

हिशेब सरळ आहे. खर्चाचे 11 प्रकार आणि 14 जागा असतील, तर नावात जागा घालण्याच्या पद्धतीने 154 लेजर होतात. वेगळं ठेवलं तर 11 खाती आणि 14 कॉस्ट सेंटर, एकूण 25. पंधरावी जागा आली तर पहिल्या पद्धतीत 11 नवी लेजर, दुसरीत एक कॉस्ट सेंटर.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकदम ठेवणं. 'अकाउंट्सला सवय आहे' म्हणून जुनी नावं तशीच राहतात आणि वर कॉस्ट सेंटरही बनतात. मग `R&M Press Shop` हे खातं पेंट शॉपच्या कॉस्ट सेंटरवर पडतं आणि सिस्टिम ते मुकाट्याने घेते. ओळखायचं असेल तर खाती उभी आणि कॉस्ट सेंटर आडवी घेऊन एक महिन्याचा तक्ता काढावा. एखाद्या खात्याचे आकडे जवळजवळ एकाच रकान्यात असतील, तर ते खातं नसून वेश बदललेलं कॉस्ट सेंटर आहे. कॅन्टीनसारखा अपवाद सोडला तर ही खूण सहसा चुकत नाही.

आता 'कॉस्ट सेंटर' या शब्दाबद्दल, कारण मीटिंगा सगळ्यात जास्त इथेच अडतात. कॉस्टिंगच्या पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या ऐसपैस आहे: जागा, माणूस, यंत्र किंवा त्यांचा गट, ज्याचा खर्च वेगळा मोजता येतो. टॅलीवाल्यांनी ती शब्दशः घेतली, म्हणून तिथे सेल्समन, इनोव्हा आणि प्रदर्शनाचा स्टॉलही कॉस्ट सेंटर झालेले दिसतात. मोठ्या ईआरपीत हाच शब्द अरुंद आहे. जिथे खर्च होतो आणि ज्याच्या बजेटला एक माणूस जबाबदार आहे, अशी टिकाऊ जागा. गाडी ही मालमत्ता, स्टॉल ही इंटर्नल ऑर्डर, म्हणजे एका कामापुरता खर्च गोळा करणारी नोंद, यंत्र हे वर्क सेंटर. शब्द तोच आणि अर्थ निराळा, त्यामुळे सल्लागार आणि कारखान्याचा अकाउंटंट तास तास एकमेकांना होकार देत बसतात आणि दोघांच्या डोक्यात वेगळी यादी असते.

खरा वाद प्रेसच्या बाबतीत होतो. शॉपमध्ये 22 प्रेस आहेत. कॉस्ट सेंटर एक की बावीस? अकाउंट्सवाल्यांना एक हवं, कारण बिलावर फक्त 'प्रेस शॉप' लिहून येतं. प्रॉडक्शनवाल्यांना बावीस हवीत. बावीस केली तर ग्रीसच्या डब्याचं बिलही बावीस ठिकाणी वाटावं लागेल, आणि कोणी ते नीट वाटणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांचा तासाचा खर्च खरोखर वेगळा आहे, तेवढेच गट करावेत. कारण अशा मोठ्या ईआरपीत मशीन-तासाचा दर यंत्रावर ठरत नाही, तो कॉस्ट सेंटर आणि त्यावरच्या ॲक्टिव्हिटीवर, म्हणजे मशीन चालवण्यासारख्या कामावर, ठरतो. एका सेंटरमधली सगळी यंत्रं त्या ॲक्टिव्हिटीला एकच दर घेतात.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. शॉपचा महिन्याचा खर्च 24 लाख, मशीन-तास 6,000. एकच सेंटर ठेवलं तर दर 400 रुपये. आता 100 टनापर्यंतच्या प्रेस वेगळ्या केल्या: खर्च 10 लाख, तास 4,000, दर 250. मोठ्या प्रेस: खर्च 14 लाख, तास 2,000, दर 700. लहान प्रेसवर तासाला 600 नग निघणारा ब्रॅकेट एकत्रित दराने 67 पैशांना पडतो, वेगळ्या दराने 42 पैशांना. मोठ्या प्रेसवर तासाला 300 नग निघणारा भाग एकत्रित दराने 1.33 रुपये, वेगळ्या दराने 2.33.

म्हणजे कारखाना लहान ब्रॅकेटचं कोटेशन चढं देतो आणि ऑर्डर घालवतो, मोठा भाग नगामागे रुपयाने स्वस्त देतो आणि तीच ऑर्डर हमखास मिळवतो. शॉप भरलेलं, ओव्हरटाइम चालू, आणि नफा कुठे जातोय ते कळत नाही. चाकणच्या गाड्या बनवणाऱ्यांचा खरेदी विभाग टनेजप्रमाणे दर धरून वाटाघाट करतो. त्याला आपला खरा खर्च त्याच भाषेत सांगता येत नसेल, तर टेबलावर बोलायला काही उरत नाही. त्या कारखान्यात शेवटी तीन गट ठरले: 100 टनापर्यंत, 250 पर्यंत आणि त्यावरचे. मेंटेनन्सच्या सुपरवायझरने जॉब स्लिपवर एक रकाना वाढवला आणि दुरुस्तीचा खर्च गटावर टाकणं सोपं झालं.

विजेचा प्रश्न त्याच ओघात सुटतो. बिल एकच येतं आणि खातंही एकच, 'वीज आणि इंधन'. ते आधी युटिलिटीच्या कॉस्ट सेंटरवर घ्यायचं आणि महिनाअखेरीस सबमीटरच्या युनिटप्रमाणे वाटायचं. 18 लाखांचं बिल, 1,80,000 युनिट. पेंट शॉपचे 60,000 असतील तर त्याच्याकडे 6 लाख जातात. वाटताना मूळ खातं कायम राहील अशी पद्धत निवडावी, म्हणजे पेंट शॉपच्या अहवालात ती वीज म्हणूनच दिसते, 'वाटप' अशा अनोळखी ओळीत दडत नाही. सबमीटर नसेल तर जोडभारावर अंदाज करावा लागतो. तो अंदाज आहे हे प्रत्येक महिन्याच्या पत्रकावर लिहावं.

हे सगळं ठरवण्याची वेळ डेटा लोड करण्याआधीची, कारण नंतर खात्यावर एक जरी व्यवहार पडला तरी ते पुसता येत नाही, फक्त बंद करता येतं. म्हणून आम्ही एक्सेलची एक शीट केली: जुनं लेजर, नवं खातं, कॉस्ट सेंटर, आणि निर्णय कोणी दिला. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त दिवस लागले. `R&M Others` ची बिलं फाइलमधून काढून एकेक वाचावी लागली, तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम मोठ्या प्रेसची निघाली.

गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू होणं, 1 एप्रिलला असेल तर उत्पन्न-खर्चाची खाती शून्यापासून सुरू होतात आणि फक्त ताळेबंदाच्या शिलकी न्याव्या लागतात. त्या कारखान्याचं गो-लाइव्ह घसरून 1 ऑक्टोबरवर गेलं. मग सहा महिन्यांचा प्रत्येक खर्च कॉस्ट सेंटरनिहाय फोडून लोड करणं आलं, आणि ती शीट हाताशी होती म्हणून ते काम तीन दिवसांत उरकलं. एप्रिल ते सप्टेंबरच्या तेरजेची बेरीज जुन्या टॅलीशी रुपयापर्यंत जुळली, आणि त्याच संध्याकाळी टॅलीत नवीन नोंदी करण्याचे पासवर्ड बंद केले.