फ्लॅटमधल्या ओल्या कचऱ्याचे खत : व्हिडिओची संहिता

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीत खत कसे करायचे, हे रहिवाशांना दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओचे लेखी टिपण. त्यात प्रत्येक पायरीचे दृश्य आणि त्यावरचे निवेदन शेजारी शेजारी लिहिलेले असते. वास आणि किडे यांवरचे उपाय हा त्याचा सर्वांत मोठा भाग. असे व्हिडिओ बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मोबाइलवरच पाहिले जातात. म्हणून ते उभ्या चौकटीत आणि चार-पाच मिनिटांचे असावेत. या नोंदीतली उदाहरणे सांगली शहरातली आहेत.

या संहितेची खरी अडचण अशी, की वास कॅमेऱ्यात येत नाही. माणसे खत करणे सोडतात ती वासामुळे, आणि नेमके तेच पडद्यावर दाखवता येत नाही. वासाचे कारण मात्र दिसते, कारण बहुतेक वेळा ते जास्तीचे पाणी असते. पाणी साचले की कचऱ्यातल्या पोकळ्या बुजतात, हवा पोचत नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू दुर्गंधी सोडतात. म्हणून चांगली संहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत ओलावा दाखवत जाते. पिंप कोणत्या रंगाचे आणि झाकण कोणत्या कंपनीचे, यावर वेळ घालवायची गरज नाही.

सुक्या मालाचे गणित

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचे उदाहरण घेऊ. घरात चार माणसे, महिना जुलै. भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा असा रोजचा सुमारे 700 ग्रॅम कचरा निघतो. अशा कचऱ्यात साधारण 80 टक्के पाणी असते, म्हणजे 560 ग्रॅम पाणी आणि 140 ग्रॅम कोरडा भाग. खत नीट व्हायला मिश्रणात 50 ते 60 टक्के ओलावा लागतो. सुक्या पानांत दहा टक्के पाणी धरले, तर 60 टक्क्यांवर येण्यासाठी रोज सुमारे 280 ग्रॅम पाने घालावी लागतात. चुरलेल्या पानांचा हा ढीग कचऱ्याच्या दुप्पट दिसतो. बहुतेक घरांत वरून एक मूठ पाने भुरभुरली जातात आणि पंधरवड्यात पिंपाला वास सुटतो, त्याचे कारण हे.

व्हिडिओत हे आकडे सांगत बसू नये. स्वयंपाकघरातला वजनकाटा दाखवावा, मग एकाच मापाची वाटी घ्यावी : एक वाटी कचरा, दोन वाट्या चुरलेली पाने. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात बरेच पाणी उडून जाते, तेव्हा एक वाटी पाने पुरतात. हा फरक निवेदनात स्पष्ट आला पाहिजे, कारण उन्हाळ्यात जमलेली पद्धत पावसाळ्यात तशीच चालू ठेवणारे हमखास अडकतात.

पाने जुलैत मिळत नाहीत, हीदेखील एक अडचण. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि तेव्हा रस्त्याकडेला पानांचे ढीग पेटवलेले दिसतात. त्यामुळे संहितेतले पहिले दृश्य कचऱ्याचे ठेवू नये. पाने गोळा करून, चुरून पोत्यात भरण्याचे दृश्य आधी घ्यावे. पोते संपले तर सांगलीच्या आसपास उसाचे पाचट मिळते, ते बोटभर लांबीचे कापून घ्यावे. रसवंतीवरची चिपाडे वाळवून, ठेचून चालतात. ओली घातली तर त्यांतल्या साखरेवर चिलटे आणि मुंग्या येतात. सुताराकडचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायने असतात.

पायऱ्या आणि दृश्ये

चार माणसांच्या घराला 50 लिटरची दोन पिंपे लागतात. एक महिनाभर भरत जाते, तोवर दुसरे मुरत राहते. बाजूंना आणि तळाला पेन्सिलीएवढी छिद्रे पाडायची, तळाशी आतून बारीक जाळी बसवायची, पिंप विटांवर उचलून खाली परात ठेवायची. हे सगळे पाऊण मिनिटात दाखवून होते. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यायचा, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि हवा शिरते. त्यावर पहिल्या दिवशी जुने खत किंवा शेण ओंजळभर टाकायचे. दोन्ही नसले तर आंबट ताकाचा शिपका चालतो.

रोजची कृती मात्र सावकाश दाखवावी. कचरा बारीक चिरलेला असावा, निथळलेला असावा, वरून पाने पडावीत आणि शेवटी कचऱ्याचा एकही तुकडा उघडा दिसू नये. मूठ दाबून पाहण्याचे दृश्य सर्वांत महत्त्वाचे. संहितेत ते असे लिहिता येईल :

दृश्य : हात जवळून. पिंपाच्या मधल्या थरातून मूठभर मिश्रण काढले जाते. मूठ घट्ट आवळली जाते. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकते.

निवेदन : "काकू, हे बघा, पाणी गळतंय. म्हणजे वास यायच्या आतच आपल्याला कळलं. आता यात चार वाट्या पाने घालू आणि तळापासून वर-खाली करू."

दृश्य : तोच हात, पाने मिसळल्यावर. मूठ आवळली जाते, उघडली जाते. गोळा टिकतो, तळवा फक्त ओलसर दिसतो.

निवेदन : "असं पाहिजे. गोळाच होत नाही, भुसभुशीत पडतंय असं झालं तर उलट पाणी शिंपडायचं."

चित्रीकरण एका दिवसात उरकू नये. आठवड्यातून एकदा त्याच पिंपाचे, त्याच जागेवरून दृश्य घ्यावे आणि कोपऱ्यात दिवसाचा आकडा द्यावा. दहाव्या-बाराव्या दिवशी पिंपात पांढरी बुरशी, चिकट साले आणि अर्धवट काळे पडलेले तुकडे दिसतात. ते दृश्य काढून टाकण्याचा मोह होतो, पण पाहणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच. बुरशी काम करते आहे हे त्याला आधी कळले, तर तो घाबरून पिंप घंटागाडीत रिकामे करणार नाही.

वास

तीन वास वेगवेगळे ओळखायला शिकवले तर बाकीचे उपाय सोपे होतात. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी हवा नाही. परातीत काळपट पाणी साचलेले आणि तळाचा थर चकचकीत, चिखलट झालेला दिसतो. कॅमेरा तिथे न्यावा. पिंप वर्तमानपत्रावर पूर्ण उपसायचे, बुजलेली छिद्रे काडीने मोकळी करायची, मिश्रणात त्याच्या निम्मी पाने घालून परत भरायचे. नुसते वरून पाने टाकली तर वास दोन दिवस दबतो आणि पुन्हा येतो, कारण बिघाड तळाशी असतो.

नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. डाळी-उसळींचे उरलेसुरले, कडधान्याची टरफले, ताजी हिरवी पाने जास्त पडली की तो येतो. इथे एक चूक फार ठिकाणी होते : वास मारायला लोक चुना किंवा राख घालतात. त्याने मिश्रण अल्कधर्मी होते आणि अमोनिया आणखी जोरात सुटतो. उपाय सुक्या पानांचा किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचाच. तिसरा, आंबट वास. शिळा भात आणि फळांची साले एकदम पडली की तो येतो. पहिल्या दोन आठवड्यांत मंदसा असेल तर काही करायला नको, वाढला तर हलवून हवा द्यायची.

पावसाळ्यात बाल्कनीवर झड येते, म्हणून पिंप भिंतीकडे सरकवण्याचे एक दृश्य ठेवावे. झाकण मात्र हवाबंद करू नये.

किडे

अळ्या दिसल्या की घरातले पहिले वाक्य "हे आधी बाहेर काढा" असेच असते. त्यांतल्या बहुतेक धोक्याच्या नसतात. चपट्या, वळ्यावळ्यांच्या, मळकट पांढऱ्या आणि मोठ्या झाल्यावर तपकिरी-काळ्या होणाऱ्या, जवळपास दोन सेंटिमीटरच्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा भराभर संपवतात आणि त्यांची माशी स्वयंपाकघरातल्या अन्नावर घोंघावत नाही. वाढ पुरी झाली की मात्र त्या कोरडी जागा शोधत पिंपाबाहेर रांगतात आणि शेजाऱ्यांच्या दारापर्यंत जातात, भांडण तिथे होते. घरमाशीच्या अळ्या बारीक, गुळगुळीत, एका टोकाला निमुळत्या असतात. त्या दिसल्या तर कचरा उघडा राहतो आहे असे समजावे. दोन्ही अळ्या पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून दाखवाव्यात, म्हणजे शब्द कमी लागतात. उपाय दोन्हींना तोच : वर चार बोटे सुक्या पानांचा थर आणि झाकणाखाली सुती कापड ताणून बांधणे.

चिलटे बहुतेक वेळा फळांच्या सालींवरून अंडी घेऊनच घरात येतात. केळीची, आंब्याची साले वर न टाकता आत पुरली की ती आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतात. मुंग्यांचे कारण उलटे असते, मिश्रण फार कोरडे झालेले असते. थोडे पाणी शिंपडून हलवायचे आणि विटा ज्या परातीत आहेत तिच्यात पाणी ठेवायचे. झुरळे आणि उंदीर शिजवलेल्या, तेलकट अन्नाला येतात. तळमजल्यावर ते पिंपात घालूच नये. कीटकनाशकाचा फवारा कधीही मारू नये. त्याने खत करणारे जीवही मरतात, आणि पुढे ते खत तुळशीला, कढीपत्त्यालाच जायचे असते.

मर्यादा आणि तयार खताची ओळख

छोट्या पिंपात मोठ्या ढिगाइतकी उष्णता साठत नाही. रोगजंतू मरायला 55 अंशांच्या वरचे तापमान काही दिवस टिकावे लागते, ते इथे क्वचितच गाठले जाते. खतातून टोमॅटोची रोपे आपोआप उगवतात, ती याचीच खूण. म्हणून मांस, मासे, हाडे आणि पाळीव कुत्र्या-मांजरांची घाण यांत घालू नये. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या घातल्या तरी वर्षभर तशाच राहतात.

भरून झालेले पिंप सांगलीच्या हवेत महिना-दीड महिना मुरले की आठ-दहा किलो खत हाती येते. ते झाले की नाही, हे दोन गोष्टींवरून दाखवता येते. मूठभर खत ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवायचे आणि उघडून हुंगायचे; दुर्गंधी आली तर अजून मुरायचे आहे. हे निवेदकाच्या तोंडूनच कळणार, म्हणून दुसरी खूण पडद्यासाठी अधिक सोयीची : एका कुंडीत निम्मी माती व निम्मे खत, दुसरीत नुसती माती, दोन्हींत मेथी पेरायची. चार-पाच दिवसांत खताच्या कुंडीतली मेथी मागे पडली किंवा पिवळी दिसली, तर खत कच्चे आहे. तयार खत चाळणीने चाळायचे. वर उरलेले जाड तुकडे नव्या पिंपाच्या तळाला घातले की विरजणाचे काम होते आणि शेण शोधावे लागत नाही.