संदर्भ फोटो दुसऱ्याचा असेल तर : फोटोतली वस्तू बदलून घेण्याआधी हे वाचा

तुमच्या फोटोतली एक वस्तू काढून तिथे दुसरी बसवायची असेल, तर ती दुसरी वस्तू नेमकी कशी आहे हे दाखवणारा एक फोटो आम्हाला लागतो. त्याला आम्ही संदर्भ फोटो म्हणतो. तो तुम्ही स्वतः काढलेला असेल तर काम लगेच सुरू होतं. पण बऱ्याचदा तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला किंवा गूगलवरून उतरवून घेतलेला असतो. अशा वेळी आम्ही आधी परवानगीचं विचारतो. का विचारतो, ते सोलापुरात नेहमी येणाऱ्या एका कामावरून सांगतो.

समजा, नवी पेठेतल्या एका दुकानदाराकडे लाकडी खाटेचा स्वतः काढलेला फोटो आहे. खाटेवर साधी पांढरी चादर आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी जाहिरात करायची म्हणून त्याला तिथे मोराच्या नक्षीची मरून जकार्ड चादर दाखवायची आहे. संदर्भ म्हणून तो एका कारखान्याच्या कॅटलॉगमधला फोटो देतो, आणि तो फोटो त्याला होलसेल व्यापाऱ्याच्या ग्रुपवर मिळालेला आहे.

आधी फोटोचा हक्क पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला की त्यावर हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी लागत नाही. फोटो कलात्मक असावा अशीही अट नाही, त्यामुळे पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या टॉवेलच्या साध्या फोटोलाही तेवढंच संरक्षण आहे. मालक कोण, हे मात्र तपासावं लागतं. कारखान्याने पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क कारखान्याचा. फोटोग्राफरने करारात हक्क स्वतःकडे ठेवले असतील तर त्याचा. आणि फोटो स्टॉक साइटवरून विकत घेतलेला असेल, तर कारखान्याला फक्त वापराचा परवाना मिळालेला असतो. तो आपल्याला पुढे देणं सहसा त्याच्या हातात नसतं. या साखळीत होलसेल व्यापाऱ्याकडे बहुतेक वेळा फक्त फाइल असते. त्याने “वापरा की” म्हटलं, तरी ती मालकाची परवानगी होत नाही.

“पण तुम्ही तो फोटो थोडाच छापणार आहात? फक्त चादर घेणार ना?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर चादर कशी घेतली यावर अवलंबून आहे. फोटोतून चादर कापून चिकटवली, तर तिच्या घड्या, उजेड, कडेची सावली हे सगळं त्या फोटोग्राफरचं काम आहे. ती सरळ नक्कल झाली. एआय प्रोग्रामला संदर्भ दाखवून चादर नव्याने काढून घेतली, तरी सुटका आपोआप होत नाही, कारण असे प्रोग्राम अनेकदा मूळ घडीसकट वस्तू उचलतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. खाटेच्या कोपऱ्यावरून चादर लोंबते ती रेघ, चमक पडलेली जागा आणि कॅमेऱ्याचा कोन जुळत असेल, तर ती नक्कलच समजावी. “२० टक्के बदल केला की चालतं” असा कुठलाही नियम कायद्यात नाही. खाली फोटोग्राफरचं नाव दिल्यानेही परवानगी मिळत नाही.

उलट, मरून रंग, किनारीची रुंदी, मोर किती आणि कुठे, ही माहिती फोटोग्राफरच्या मालकीची नसते. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण इथे नक्षीचा वेगळा प्रश्न येतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली कारखान्याने ती नक्षी नोंदवलेली असेल, तर तिला १० वर्षं आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षं संरक्षण असतं. तुम्ही त्याच कारखान्याचा माल विकत असाल तर अडचण सहसा येत नाही, कारण ती जाहिरात त्याच्याच मालाची असते. तुमचा माल दुसऱ्या यंत्रमागावरचा असेल आणि फोटोत या कारखान्याची नक्षी दाखवायची असेल, तर ते काम आम्ही घेत नाही. त्यात नक्षीच्या हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय गिऱ्हाइकाला फोटोत दिसली त्यापेक्षा वेगळी चादर मिळते आणि जाहिरात दिशाभूल करणारी ठरते.

फोटोवरचं वॉटरमार्क किंवा फाइलमधलं मालकाचं नाव काढून देण्याची विनंती कृपया करू नका. हक्काची ही माहिती जाणूनबुजून काढणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नवा पडदा आपल्या हॉलमध्ये कसा दिसेल, एवढं घरच्या घरी पाहायचं असेल तर काळजी नको. खाजगी वापराला कायद्यात सूट आहे. तेच चित्र दुकानाच्या पानावर टाकलं की ती सूट संपते.

परवानगी कारखान्याकडून घ्यायची आणि लेखीच घ्यायची. फोटोची प्रत जोडून साधारण असं लिहा :

“सोबत जोडलेल्या फोटोतील चादर कापून अथवा त्यावरून नव्याने तयार करून आमच्या फोटोत बसवण्यास व त्यासाठी लागणारे बदल करण्यास परवानगी द्यावी. वापर : दुकानाचे पत्रक, फलक, फेसबुक, इन्स्टाग्राम. मुदत : दोन वर्षे. क्षेत्र : जगभर. या फोटोचे हक्क आपल्याकडे आहेत, हेही कृपया लिहून द्यावे.”

यातला बदल करण्याचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसती “फोटो वापरायला हरकत नाही” अशी ओळ वस्तू कापून दुसरीकडे बसवण्याला पुरेशी नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत. इन्स्टाग्राम परदेशातही दिसतं, म्हणून “जगभर” लिहायचं. उत्तर ईमेलवर आलं तरी आम्ही घेतो, पण लेटरहेडवर सही-शिक्का असेल तर पुढे वाद राहत नाही.

इंटरनेटवरचा मोफत फोटो देणार असाल तर त्याच्या पानाची लिंकही द्या. गूगलच्या चित्रशोधात Tools मध्ये Usage Rights निवडून Creative Commons licenses वर शोधता येतं, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर वापरायला खुले ठेवलेले फोटो मिळतात, पण परवाना मूळ पानावर जाऊनच वाचावा. त्यातला CC BY परवाना चालतो, मात्र फोटो काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं आणि बदल केल्याचंही सांगावं लागतं. परवान्यात ND असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही, आणि NC असेल तर धंद्याच्या जाहिरातीला वापरता येत नाही. स्टॉक साइटवर Editorial use only लिहिलेला फोटोही जाहिरातीला चालत नाही.

चादर दुकानात असेल तर मात्र या कशाचीच गरज नाही. तीच खाटेवर अंथरा आणि फोटो काढा. तुमच्या मूळ फोटोत उजेड डाव्या खिडकीतून येत असेल तर इथेही डावीकडूनच येऊ द्या आणि कॅमेरा त्याच उंचीवर धरा. फ्लॅश बंद ठेवा, कारण फ्लॅशने मरून रंग लालसर उडतो आणि विणीचा उठाव सपाट होतो. एक फोटो पूर्ण चादरीचा आणि एक किनारीचा जवळून, एवढे दोन पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाऊन नक्षीच्या कडा विरघळतात.

काम देताना संदर्भ फोटो, तो कुठून आला याची एक ओळ आणि परवानगीचा कागद एकत्र पाठवा. कागद यायचा असेल तर मोकळ्या खाटेची तयारी आम्ही आधी करून ठेवतो, आणि चादर परवानगी हाती आल्यावर बसवतो.