बॅटरीवर फ्रेम अर्ध्या: कुणी अडवल्या, की वीजच पुरेना?

गेमिंग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि सेकंदाला ११० फ्रेमवर चालणारा गेम ५०–६० वर आला, की बहुतेक जण बॅटरी खराब झाली असं धरून चालतात. पण यामागे दोन वेगळी कारणं असतात. एकात सॉफ्टवेअर फ्रेम मुद्दाम अडवतं, दुसऱ्यात बॅटरी तेवढी वीज देऊच शकत नाही. पहिलं काही क्लिकमध्ये सुटतं. दुसरं सुटत नाही, त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

ओळखायची खूण सोपी आहे. बॅटरीवर गेम चालू ठेवून रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स अगदी खाली आणा. फ्रेम ३० किंवा ६० वर खिळल्यासारख्या राहिल्या, तर त्या अडवलेल्या आहेत. भराभर वाढल्या, तर ग्राफिक्स चिपला वीज कमी पडत होती. (वाढल्या नाहीत, पण आकडा सतत खालीवर होतोय, तर प्रोसेसर मागे पडतोय.) एनव्हिडियाची चिप असेल तर हेही चालवून बघा:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr,utilization.gpu --format=csv -l 1
```

वापर ९५ टक्क्यांच्या वर, पण वॅट आणि क्लॉक चार्जरवर असतात त्यापेक्षा बरेच खाली, असं दिसलं तर विजेची कमतरता जवळपास नक्की. पण हा आकडा एकटा धरू नका. फ्रेम अडवलेल्या असतानाही चिप स्वतःचा क्लॉक उतरवते आणि मग वापर जास्त दिसू शकतो.

अडवलेल्या फ्रेमसाठी एनव्हिडियाचं `Battery Boost` बंद करा. मग स्क्रीनचा रिफ्रेश रेट बघा. काही लॅपटॉप बॅटरीवर तो आपोआप ६० हर्ट्झवर आणतात, आणि व्ही-सिंक चालू असेल तर गेमही तिथेच थांबतो.

आता वीज. समजा चार्जरवर चिप ११० वॅट, प्रोसेसर ४५ आणि बाकी सगळं १५ वॅट घेतंय, म्हणजे १७० वॅट. ८० वॅट-अवरची बॅटरी याने अर्ध्या तासाच्या आत संपेल. पण खरी अडचण वेळेची नाही. सुमारे १५ व्होल्टला १७० वॅट म्हणजे ११ ॲम्पिअर, आणि पातळ पॅकमधून इतका करंट ओढला तर सेल तापतात, व्होल्टेज पडतं. म्हणून कंपनी फर्मवेअरमध्येच वॅटची मर्यादा घालते. विंडोजच्या `Power mode` मध्ये `Best performance` निवडल्याने थोडा फरक पडतो, पण ती मर्यादा हलत नाही. चार्ज कमी होईल तसं व्होल्टेज उतरतं, त्यामुळे काही लॅपटॉप शेवटी शेवटी चिपला आणखी आवळतात.

इथे मी स्वतःहून ४० किंवा ४५ फ्रेमची मर्यादा घालतो आणि डीएलएसएस चालू करतो. सतत हेलकावणाऱ्या ५५ पेक्षा स्थिर ४५ खेळायला कितीतरी बरे वाटतात. १०० वॅटचा टाइप-सी चार्जर मिळाला तर मदत होते, पण २३० वॅटच्या मूळ ॲडॉप्टरइतके फ्रेम त्यावर येत नाहीत.