चरकांचं धूमपान म्हणजे तंबाखू नव्हे

'आयुर्वेदात धूमपान सांगितलंय, म्हणजे तंबाखू आपल्याकडे पूर्वापार आहेच ना?' नौपाड्यातल्या एका काकांचा प्रश्न.

नाही, काका. चरकसंहितेतल्या धूमवर्तीत चंदन, वाळा, वेलदोडा अशी द्रव्यं आहेत. ती वाटून बोरूच्या काडीवर लेपायची, वाळली की काडी काढून घ्यायची आणि उरलेली वर्ती तूप लावून ओढायची. तंबाखूचं झाड मूळचं अमेरिकेतलं, आणि कोलंबस तिथे पोचला 1492 मध्ये. त्याआधी ते आपल्याकडे असणं शक्यच नव्हतं. पुढे ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर इकडे आलं. 'तंबाखू' हा शब्दही पोर्तुगीज 'तबाको'वरूनच आला.

दरबारातला त्याचा प्रवेश तर नोंदलेला आहे. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापुराहून त्याच्याकडे परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी नजर केली. विजापुरात तंबाखू आधीच रुळला होता, आग्र्यात मात्र तो नवलाचा होता. अकबराने थोडे झुरके घेतले, पण हकिमाने आक्षेप घेतला: आपल्या ग्रंथांत याचा उल्लेखच नाही. माझ्या मते काकांना हेच सर्वांत चोख उत्तर आहे. बादशहाने सवय लावून घेतली नाही, उमरावांनी मात्र मागून मागून नेला. मग व्यापारी विकू लागले. जहांगीराने 1617 मध्ये बंदी घातली, पण तोवर चटक पसरली होती.