घामोळं, एक्झिमा की उन्हाचा चटका?

दमट उकाड्यात बाळाच्या अंगावर लालसर पुरळ दिसलं, की एकेक पुळी निरखण्याआधी सगळे कपडे उतरवून अख्खं बाळ पाहावं. पुरळाचं रूप फसवतं. त्याची जागा सहसा फसवत नाही.

घामोळं येतं ते घाम जिथे साचतो आणि वाळत नाही तिथे. मानेच्या वळ्या, काखा, जांघा, गादीला टेकलेली पाठ, टोपीखालचं कपाळ. बाळाच्या घामाच्या नलिका अजून कच्च्या असतात. त्यांची तोंडं बुजली की घाम कातडीतच अडकतो आणि टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठतात. अगदी नवजात बाळात कधीकधी लाली नसतेच, नुसते पाण्याच्या थेंबांसारखे फोड दिसतात आणि हात लागताच फुटतात. तेही घामोळंच, फक्त वरच्या थरातलं.

एक्झिमा, म्हणजे इसब, तान्ह्या बाळात बहुधा उलट जागा निवडतो: गाल, कपाळ, टाळू, हातापायांची बाहेरची बाजू. डायपरखालची कातडी ओलसर राहते, म्हणून ती बहुतेकदा सुटते. मोठ्या मुलांमध्ये तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत सरकतो, त्यामुळे ‘घडीत आहे म्हणजे एक्झिमा’ हे ऐकीव ज्ञान तान्ह्या बाळाला लावू नये. इथे सुटे ठिपके कमी आणि कडा पुसट असलेले कोरडे, खरखरीत चट्टे जास्त. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही; चट्टा करडा किंवा आजूबाजूपेक्षा गडद वाटतो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवलेला बरा. लहान बाळाला नीट खाजवता येत नाही, ते गाल चादरीवर किंवा तुमच्या खांद्यावर घासत राहतं.

उन्हाचा चटका ओळखायला त्यातल्या त्यात सोपा. तो फक्त उघड्या भागावर असतो आणि जिथे कपडा सुरू होतो तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो. ऊन लागल्यावर काही तासांनी कातडी लाल आणि गरम होते, हात लावला की बाळ रडतं. ढगाळ हवेतही हे होऊ शकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला असा चटका बसला तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना कळवावं. सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीनच्या जोरावर उन्हात नेण्यापेक्षा सावली आणि अंगभर सुती कपडे बरे.

खरी गफलत होते ती पहिल्या दोघांत, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. पाच महिन्यांचं एक बाळ घ्या. गालांवर तीन आठवडे खरखरीत चट्टे आहेत आणि डॉक्टरांनी त्यासाठी दाट, तुपकट मलम दिलंय. उकाडा वाढतो, मान आणि पाठ बारीक ठिपक्यांनी भरते. आई समजते, एक्झिमा पसरला. ती तेच मलम पाठभर चोपडते, आणि दुसऱ्या दिवशी ठिपके दुप्पट. मलमाच्या थराखाली घामाला वाटच उरत नाही.

इथे दोन्ही आजार एकाच बाळात आहेत, म्हणून उपायही जागेप्रमाणे वेगळा हवा. गालांवरचं मलम चालू ठेवायचं. मान आणि पाठीवर काहीही लावायचं नाही, तेल नाही आणि पावडरही नाही. पावडर घामात भिजून वळ्यांत गोळा होते, शिवाय तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, वळ्या न घासता टिपून कोरड्या करणं, एकच सैल सुती कपडा, खोलीत पंख्याची हवा. दोन-तीन दिवसांत मान-पाठ निवळली आणि गाल तसेच राहिले, तर उत्तर मिळालं: वर एक्झिमा, खाली घामोळं. एक्झिमा दोन दिवसांत जात नाही; तो आठवडेच्या आठवडे कमी-जास्त होत राहतो, आणि घामाने त्यालाही खाज सुटते. म्हणून गारवा दोघांनाही मानवतो, दाट मलम मात्र एकालाच.

घरातली स्टेरॉइडची ट्यूब या चाचणीत आणू नका. तिने लाली दबते आणि नंतर डॉक्टरांनाही नेमकं काय होतं ते कळत नाही.

गारव्यातही ठिपके तीन दिवसांत हलले नाहीत, त्यांत पू दिसला, चट्ट्यातून पिवळसर खपली धरू लागली किंवा एकसारखे खोलगट, दुखरे व्रण उठले, तर दाखवायला हवं. असे व्रण असतील तर ताप नसला तरी त्याच दिवशी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल, तर पुरळ कुठलंही असो, लगेच.