हॉलिंगच्या टेबलापासून रॉजर्सच्या समीकरणापर्यंत

भक्ष्य दाटलं की एक भक्षक किती जास्त खातो? या नात्याला ‘फंक्शनल रिस्पॉन्स’ हे नाव सॉलोमननं 1949 मध्ये दिलं. त्याला आकार दिला तो कॅनडातल्या सी. एस. हॉलिंगनं, 1959 मध्ये, आणि तोही एका टेबलावर.

तीन फूट लांबी-रुंदीच्या टेबलावर त्यानं 4 सेंटिमीटर व्यासाच्या सँडपेपरच्या चकत्या टाचणीनं लावल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेली सहायक हा त्याचा ‘भक्षक’. ती बोटानं टेबल चाचपायची, चकती लागली की ती उपटून बाजूला ठेवायची आणि पुन्हा शोधायला लागायची. मिनिटभरात किती सापडल्या ते मोजायचं. चकत्या वाढवल्या तसा आकडा आधी भराभर चढला, मग मंदावला, कारण जास्तीत जास्त वेळ उपटण्यातच जाऊ लागला. त्यातून आलेलं हे समीकरण:

`Ne = aNT / (1 + ahN)`

`Ne` म्हणजे खाल्लेली भक्ष्यं, `N` म्हणजे ठेवलेली भक्ष्यं, `a` म्हणजे हल्ल्याचा दर, `h` म्हणजे एक भक्ष्य हाताळायला लागणारा वेळ, `T` प्रयोगाचा एकूण काळ.

यात एक गोष्ट गृहीत आहे: `N` प्रयोगभर तेवढाच राहतो. प्रयोगशाळेतल्या डबीत तसं होत नाही. भक्षक खातो, भक्ष्य कमी होतं, आणि खाल्लेल्याच्या जागी नवं टाकायला सहसा कोणी बसलेलं नसतं.

समजा `a` दिवसाला 2, `h` 0.05 दिवस (म्हणजे 72 मिनिटं) आणि प्रयोग एका दिवसाचा. डबीत 4 भक्ष्यं ठेवली, तर हॉलिंगचं सूत्र सांगतं, 5.7 खाल्ली जातील. चारातली पावणेसहा! रॉयामानं 1971 मध्ये आणि रॉजर्सनं 1972 मध्ये नेमकी हीच अडचण धरली. रॉजर्सचं रूप असं:

`Ne = N0(1 − exp(a(h·Ne − T)))`

`N0` म्हणजे सुरुवातीला ठेवलेली भक्ष्यं. यात `Ne` दोन्हीकडे आहे, म्हणून ते अंदाज सुधारत सुधारत सोडवावं लागतं. आपल्या 4 भक्ष्यांसाठी उत्तर 3.25 येतं. आता उलट करून पाहा. 3.25 हा आकडा हॉलिंगच्या सूत्रात घातला आणि `h` तोच ठेवला, तर `a` 0.97 निघतो. खरा दर 2, हाती आला निम्म्याहून कमी, आणि आलेखावर वक्र मात्र छान बसलेला दिसतो!

पूर्वी हे आकडे काढायला समीकरण सरळ रेषेत आणायची पद्धत होती, उदाहरणार्थ `Ne/N` विरुद्ध `Ne`. पण तिथे `Ne` दोन्ही अक्षांवर येतो, त्यामुळे मोजणीतली चूकही दोन्हीकडे शिरते. आता वक्रच थेट बसवतात. त्याआधी खाल्लेल्या भक्ष्यांचं प्रमाण घनतेबरोबर सुरुवातीपासून घसरतं का, हे लॉजिस्टिक रिग्रेशननं तपासतात. घसरलं, तर तो टेबलावरच्या वक्रासारखा दुसरा प्रकार. ते आधी चढून मग घसरलं, तर तो तिसरा प्रकार. दुसऱ्याचं समीकरण तिथे लावू नये. ही तपासणी कमी घनतेवरच्या डब्यांवर अवलंबून असते, आणि नेमक्या त्याच डब्या लोक कमी ठेवतात.

`h` बद्दल थोडं जपून. स्टॉपवॉच लावून एक भक्ष्य खायला लागलेला वेळ मोजला, तर तो बसवलेल्या `h` पेक्षा बराच कमी निघू शकतो. सूत्रातल्या `h` मध्ये पचन आणि पोट भरल्यावरची सुस्तीही मोजली जाते.